शॉर्ट कोर्सचा बॅकस्ट्रोक, लाँग कोर्सचा ब्रेस्टस्ट्रोक : दोन पोहणाऱ्यांची तुलना नेमकी कशी करायची

एका मुलीचं १०० मीटर बॅकस्ट्रोकचं टायमिंग आहे १:०३.५, २५ मीटरच्या पूलमध्ये. दुसरीचं १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं आहे १:१६.३, तेही ५० मीटरच्या पूलमध्ये. दोघी सोळा वर्षांच्या. शिबिरासाठी एकच जागा आहे आणि निवड करणाऱ्यांना दोन गोष्टी हव्या आहेत : आज पुढे कोण आहे आणि वेगाने वर कोण येतंय. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एकाच आकड्यातून दोन्हींची उत्तरं काढायला गेलं की बहुतेक वेळा चुकीची मुलगी निवडली जाते.

या लेखात ही एकच तुलना पहिल्या नोंदीपासून शेवटच्या आलेखापर्यंत करून दाखवतो. दोघी मुली आणि त्यांची टायमिंग उदाहरणासाठी तयार केलेली आहेत. त्यांना ‘क’ (बॅकस्ट्रोक) आणि ‘ख’ (ब्रेस्टस्ट्रोक) म्हणू. विश्वविक्रमांचे आणि ऑलिम्पिक पात्रतेचे आकडे मात्र खरे आहेत.

पूल बदलला की नक्की काय बदलतं

५० मीटरच्या पूलमध्ये १०० मीटर पोहताना एक टर्न येतो, २५ मीटरच्या पूलमध्ये तीन. प्रत्येक टर्ननंतर भिंतीला पायाने रेटा देऊन शरीर जो वेग घेतं, तो पृष्ठभागावर पोहण्याच्या वेगापेक्षा जास्त असतो. म्हणून २५ मीटरच्या पूलमधलं, म्हणजे शॉर्ट कोर्सचं, टायमिंग ५० मीटरच्या, म्हणजे लाँग कोर्सच्या, टायमिंगपेक्षा कमी येतं, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण हा फायदा प्रत्येक स्ट्रोकमध्ये सारखा नसतो, आणि खरी गडबड तिथेच सुरू होते.

फ्रीस्टाईल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये प्रत्येक सुरुवातीनंतर आणि टर्ननंतर १५ मीटरपर्यंत पाण्याखाली राहायला परवानगी आहे. म्हणजे शॉर्ट कोर्सच्या १०० मीटरपैकी ६० मीटर पाण्याखाली डॉल्फिन किकवर, म्हणजे दोन्ही पाय जोडून शेपटीसारखे हलवत, काढता येतात, लाँग कोर्समध्ये फक्त ३०. ब्रेस्टस्ट्रोकला ही सोय नाही. तिथे भिंत सोडल्यावर हातांचा एक लांब स्ट्रोक, एक डॉल्फिन किक आणि एक ब्रेस्टस्ट्रोक किक एवढंच करता येतं आणि मग वर यावंच लागतं. त्यामुळे जास्तीच्या भिंतींचा सर्वाधिक फायदा बॅकस्ट्रोकवाल्यांना होतो, कारण पाठीवर पृष्ठभागावर पोहणं आणि पाठीवर पाण्याखाली डॉल्फिन किक मारणं यांच्या वेगातली दरी मोठी असते.

रीगन स्मिथने जून २०२४ मध्ये १०० मीटर बॅकस्ट्रोक लाँग कोर्सला ५७.१३ मध्ये पोहला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शॉर्ट कोर्सला ५४.०२ मध्ये. दोन्ही विश्वविक्रम. लाँग कोर्सचं टायमिंग शॉर्ट कोर्सच्या १.०५८ पट आहे. रुटा मेलुटीटेने २०१३ मध्ये १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक लाँग कोर्सला १:०४.३५ आणि काही महिन्यांनी शॉर्ट कोर्सला १:०२.३६ मध्ये पोहला. तेही दोन्ही त्या वेळचे विश्वविक्रम होते. इथे गुणोत्तर १.०३२. दोन्ही उदाहरणांत पोहणारी व्यक्ती तीच, वर्षही तेच. तरी एका स्ट्रोकमध्ये फरक जवळजवळ सहा टक्के आणि दुसऱ्यात जेमतेम तीन. ‘शंभराला दोन सेकंद मिळवा’ असा सरसकट नियम लावणारा या दोघींपैकी एकीवर अन्याय करणारच.

नोंदी : कंटाळवाणं काम, पण पुढचं सगळं यावरच

प्रत्येक शर्यतीची एक ओळ करा. तीत तारीख, स्ट्रोक, अंतर, पूलची लांबी, टायमिंग, आणि ते इलेक्ट्रॉनिक पॅडवर घेतलं की हातातल्या घड्याळावर, एवढं असू द्या. हातातल्या घड्याळाचं टायमिंग साधारणपणे थोडं कमी भरतं, कारण माणूस आवाज ऐकून बटण उशिरा दाबतो आणि हात भिंतीला टेकणार हे दिसत असल्याने थांबवायला मात्र उशीर करत नाही. अशा नोंदी फेकू नका, पण वेगळ्या खुणेने ठेवा. रिलेमधलं टायमिंग फक्त पहिल्या पोहणाऱ्याचं धरा. बाकीचे आधीच्या साथीदाराचा स्पर्श बघून उडी घेतात, त्यामुळे त्यांना सुरुवातीलाच काही दशांश सेकंद फुकट मिळतात.

टायमिंग स्प्रेडशीटमध्ये १:०५.९ असं टाकलं की प्रोग्रॅम त्याला दिवसाच्या वेळेत बसवायला बघतो आणि पुढची गणितं बिघडतात. म्हणून मिनिटं आणि सेकंद वेगळ्या रकान्यांत लिहा आणि तिसऱ्या रकान्यात नुसते सेकंद काढा :

```
=A2*60+B2
```

वयाच्या रकान्यात ‘१६’ लिहून भागणार नाही. जन्मतारखेपासून शर्यतीच्या दिवसापर्यंतचे दिवस मोजून त्यांना ३६५.२५ ने भागा, म्हणजे १६.१ किंवा १६.८ असं दशांशातलं वय मिळेल. हा आग्रह कशासाठी, ते शेवटच्या भागात दिसेल. एकाच वयोगटात मोडणाऱ्या दोन मुलींमध्ये अकरा महिन्यांचा फरक असू शकतो, आणि तेरा-चौदा वर्षांच्या वयात अकरा महिने म्हणजे पोहण्यात फार मोठा काळ असतो.

रूपांतराचा गुणक आपल्याच गटातून काढा

एका पूलमधलं टायमिंग दुसऱ्या पूलच्या हिशेबात बदलणारे तयार तक्ते इंटरनेटवर भरपूर आहेत. ते एका मोठ्या गटाच्या सरासरीवर बेतलेले असतात आणि तो गट तुमच्या गटासारखा असेलच असं नाही. पंधरा मीटर पाण्याखाली जाणारी विश्वविजेती आणि सहाव्या मीटरला वर येणारी चौदा वर्षांची मुलगी यांना एकच गुणक लावण्यात अर्थ नाही. तुमच्याकडे दोन्ही पूलमधल्या नोंदी असतील, तर स्वतःचा गुणक काढणं अवघड नाही.

असं करा. ज्या मुलींनी तीच शर्यत दोन्ही पूलमध्ये सहा ते आठ आठवड्यांच्या आत पोहली आहे त्यांच्या जोड्या शोधा. यापेक्षा जास्त काळ गेला तर मधल्या सुधारणेचा किंवा घसरणीचा परिणाम गुणकात मिसळतो. दोन्ही स्पर्धा साधारण सारख्याच तयारीच्या हव्यात. एक हंगामातली मुख्य स्पर्धा आणि दुसरी भर सरावातली चाचणी, असली जोडी घेऊ नका. मग प्रत्येक जोडीत लाँग कोर्सच्या सेकंदांना शॉर्ट कोर्सच्या सेकंदांनी भागा.

समजा १०० मीटर बॅकस्ट्रोकच्या सात जोड्या मिळाल्या आणि गुणोत्तरं अशी आली : १.०३०, १.०३४, १.०३७, १.०३८, १.०३९, १.०४२ आणि १.०८७. शेवटच्या जोडीत काहीतरी बिनसलंय हे उघड आहे. गॉगल भरला असेल, ताप असेल किंवा टर्नला भिंतच चुकली असेल. सरासरी घेतली तर ही एकच जोडी गुणकाला १.०४४ पर्यंत ओढून नेते. त्याऐवजी मध्यक, म्हणजे रांगेतला मधला आकडा घ्या : १.०३८. फरक किरकोळ वाटेल, पण ६४ सेकंदांच्या शर्यतीत तो जवळजवळ ०.४ सेकंदाचा आहे, आणि या पातळीवर ०.४ सेकंद म्हणजे क्रमवारीतल्या बऱ्याच जागा.

गुणकाबरोबर त्याचा पट्टाही लिहून ठेवा. दोन्ही टोकांचे आकडे सोडले की इथे तो साधारण १.०३४ ते १.०४२ असा आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना ०.४ टक्के. पुढे निष्कर्ष काढताना हाच पट्टा हात धरून थांबवतो.

गुणक स्ट्रोकप्रमाणे, अंतराप्रमाणे आणि मुलामुलींसाठी वेगळा काढावा लागतो. पाचपेक्षा कमी जोड्या असतील तर माझ्या मते गुणक काढूच नये. त्याऐवजी त्या मुलीला दुसऱ्या पूलमध्ये एकदा पोहायला लावावं. कोणत्याही रूपांतरापेक्षा खरं टायमिंग चांगलं.

यार्डाच्या पूलबद्दल थोडक्यात. २५ यार्ड म्हणजे २२.८६ मीटर, त्यामुळे नुसत्या अंतराच्या हिशेबाने यार्डाचं टायमिंग १.०९४ ने गुणलं की शॉर्ट कोर्स मीटर मिळायला हवं. प्रत्यक्षात गुणक थोडा मोठा लागतो, कारण यार्डाच्या पूलमध्ये भिंती अधिक जवळ असतात आणि प्रत्येक लांबीतला मोठा हिस्सा रेट्याच्या वेगात जातो. ५०० यार्डांची शर्यत ४०० मीटरच्या जागी धरली जाते, पण तिचं अंतर ४५७ मीटर भरतं. तिथे साधा गुणाकार न करता जोड्यांमधूनच गुणक काढावा.

स्ट्रोक ओलांडायचा तर गुण हवेत

आता ‘क’चं शॉर्ट कोर्सचं ६३.५ सेकंद आपल्या १.०३८ ने गुणलं की लाँग कोर्सचं समतुल्य ६५.९१ येतं, म्हणजे १:०५.९. ‘ख’चं १:१६.३ आधीच लाँग कोर्सचं आहे. दोघी एका पूलमध्ये आल्या, पण स्ट्रोक अजून वेगळे आहेत आणि ब्रेस्टस्ट्रोक हा चारांमधला सर्वांत संथ स्ट्रोक. यासाठी जागतिक जलतरण संघटनेचं, म्हणजे पूर्वीच्या फिनाचं, गुणांचं सूत्र वापरतात. त्यात B म्हणजे त्या शर्यतीची आधारवेळ, जी विश्वविक्रमावरून ठरते, आणि T म्हणजे आपलं टायमिंग, दोन्ही सेकंदांत :

```
P = 1000 * (B / T)^3
```

स्प्रेडशीटमध्ये आधारवेळ D रकान्यात आणि टायमिंग C रकान्यात असेल तर :

```
=INT(1000*(D2/C2)^3)
```

घन कशासाठी? पाण्यात वेग वाढवायला लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे वरच्या पातळीवरची छोटी सुधारणाही सूत्रात तिच्या कष्टाच्या मानाने मोजली जाते. व्यवहारात एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे की टायमिंगमध्ये एक टक्का सुधारणा झाली की गुण सुमारे तीन टक्के वाढतात.

महिलांच्या लाँग कोर्ससाठी बॅकस्ट्रोकला ५७.१३ आणि ब्रेस्टस्ट्रोकला लिली किंगचं २०१७ मधलं १:०४.१३ ही आधारवेळ घेतली, तर ‘क’ला ६५१ गुण मिळतात आणि ‘ख’ला ५९३.

गुणांच्या तक्त्यातला एक खड्डा

शॉर्ट कोर्सचा स्वतःचा गुणतक्ता असतोच, मग रूपांतराचा खटाटोप कशाला, असं कुणीही विचारेल. करून बघू. ‘क’चं ६३.५ थेट शॉर्ट कोर्सच्या ५४.०२ या विक्रमाशी ताडलं तर ६१५ गुण येतात. मुलगी तीच, शर्यत तीच, आणि ३६ गुण गायब.

कारण वर आलंच आहे. विक्रमवीर भिंतींमधून ५.८ टक्के मिळवते, आपल्या गटातल्या मुली ३.८ टक्के. शॉर्ट कोर्सच्या तक्त्यात ‘क’ची तुलना जगातल्या सर्वोत्तम पाण्याखालच्या किकशी होते आणि तिथे ती मागे पडते. लाँग कोर्समध्ये तोच दोष निम्म्या अंतरावरच जाणवतो. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. ६१५ हा आकडा सांगतो की तिच्या टर्नवर काम बाकी आहे. पण एकीचे शॉर्ट कोर्सचे गुण आणि दुसरीचे लाँग कोर्सचे गुण शेजारी ठेवून निवड करणं चूक आहे. आणि हे सर्रास होतं, कारण दोन्हीकडे नुसतं ‘गुण’ लिहिलेलं असतं.

आधारवेळ हीही पूर्ण निःपक्षपाती गोष्ट नाही. एखादा विक्रम बाकीच्या जगाच्या फार पुढे असेल तर त्या शर्यतीत सगळ्यांना गुण कमी पडतात. पुरुषांचा २०० मीटर फ्रीस्टाईलचा १:४२.०० आणि महिलांचा २०० मीटर बटरफ्लायचा २:०१.८१ हे दोन्ही विक्रम २००९ मधले, पॉलियुरेथेनच्या, वेग वाढवणाऱ्या सूटच्या वर्षातले. ते सूट २०१० पासून बंद झाले, आधारवेळेत मात्र त्यांची छाया राहिली. म्हणून शेवटचं मत बनवण्यापूर्वी दुसरी एखादी आधारवेळ घालून बघावी. मला ऑलिम्पिकची पात्रता वेळ सोयीची वाटते, कारण ती एका व्यक्तीच्या पराक्रमावर अवलंबून नसते. पॅरिस २०२४ साठी महिलांच्या १०० बॅकस्ट्रोकला ती ५९.९९ होती आणि १०० ब्रेस्टस्ट्रोकला १:०६.७९. त्या आधाराने ‘क’ ७५४ आणि ‘ख’ ६७०.

अंतर ५८ वरून ८४ झालं. आकडे बदलले, क्रम बदलला नाही. दोन वेगळ्या आधारवेळांवर क्रम तोच राहिला तर ‘आज पुढे कोण’ या प्रश्नाचं उत्तर विश्वासाने देता येतं. क्रम उलटला असता तर ‘बरोबरीत’ एवढंच लिहायला हवं होतं.

पाच वर्षांचा आलेख

आता दुसरा प्रश्न. दोघींच्या गेल्या पाच हंगामांतल्या सर्वोत्तम वेळा घ्या. जमलं तर प्रत्येक हंगामातल्या तीन चांगल्या शर्यतींची सरासरी घ्या, म्हणजे एखाद्या सुदैवी दिवसाचा परिणाम कमी होतो. सगळ्या वर्षांसाठी एकच आधारवेळ वापरा. तक्त्यातल्या आधारवेळा दर वर्षी बदलतात आणि जुने गुण जुन्या तक्त्यातून उचलले तर विक्रम मोडल्यामुळे झालेली घट मुलीच्या खात्यात जमा होते. ती जोरात सुधारत असतानाही रेष सपाट दिसते.

‘क’च्या वेळा शॉर्ट कोर्सच्या आहेत, त्या १.०३८ ने गुणून :

| वय | क : शॉर्ट कोर्स | लाँग कोर्स समतुल्य | गुण |
|---|---|---|---|
| १२.८ | १:१३.२ | १:१६.० | ४२५ |
| १३.८ | १:०९.१ | १:११.७ | ५०५ |
| १४.८ | १:०६.४ | १:०८.९ | ५६९ |
| १५.८ | १:०४.६ | १:०७.१ | ६१८ |
| १६.८ | १:०३.५ | १:०५.९ | ६५१ |

आणि ‘ख’, थेट लाँग कोर्समध्ये :

| वय | ख : लाँग कोर्स | गुण |
|---|---|---|
| १२.१ | १:३३.० | ३२७ |
| १३.१ | १:२७.४ | ३९५ |
| १४.१ | १:२२.६ | ४६७ |
| १५.१ | १:१८.९ | ५३६ |
| १६.१ | १:१६.३ | ५९३ |

आडव्या अक्षावर दशांशातलं वय आणि उभ्या अक्षावर गुण घेऊन दोन्ही रेषा एकाच कागदावर काढा. नजरेत पहिली भरते ती वळणाची जागा. ‘क’ची वर्षागणिक वाढ ८०, ६४, ४९, ३३ अशी आटत आली आहे. ‘ख’ची ६८, ७२, ६९, ५७. तिची रेष चौथ्या वर्षापर्यंत जवळपास सरळ होती आणि आता कुठे वाकायला लागली आहे.

दशांशातल्या वयाचा उपयोग इथे होतो. हंगामाच्या शेवटी दोघींमध्ये ५८ गुणांचं अंतर आहे, पण ‘क’ आठ-साडेआठ महिन्यांनी मोठी आहे. ‘क’ १६.१ वर्षांची असताना कुठे होती? तिच्या १५.८ च्या ६१८ आणि १६.८ च्या ६५१ या बिंदूंना जोडणाऱ्या रेषेवर ०.३ वर्ष पुढे गेलं की ६२८ मिळतात. त्याच वयाच्या ‘ख’चे ५९३. म्हणजे समान वयात अंतर ३५ च आहे. हाच हिशेब मागच्या वर्षांसाठी केला तर समान वयातलं अंतर १३.१ ला ५४, १४.१ ला ५७, १५.१ ला ४८ आणि आता ३५ असं येतं. दोन वर्षं ते सलग कमी होत आलं आहे.

मुलींमध्ये उंची झपाट्याने वाढण्याचा काळ सरासरी बाराव्या वर्षाच्या आसपास येतो, मुलांमध्ये त्यानंतर साधारण दोन वर्षांनी. पण ही सरासरी आहे. प्रत्यक्षात एखादी मुलगी साडेदहाव्या वर्षी उंच होते आणि एखादी तेराव्या. जी लवकर वाढते तिची रेष आधी चढते आणि आधी सपाट होते, आणि त्यात तिची काहीच चूक नसते. यासाठी दर तीन महिन्यांनी उंची मोजून त्याच नोंदवहीत लिहावी. ‘ख’ची उंची पंधराव्या वर्षीही वाढत होती असं दिसलं, तर तिच्या सरळ रेषेचा काही भाग उशिरा आलेल्या वाढीचा आहे हे कळतं. सुधारणा त्याने खोटी ठरत नाही, फक्त ती पुढेही याच गतीने चालेल असं धरता येत नाही.

पुढचा अंदाज काढताना रेष सरळ पुढे ओढू नका. तसं केलं तर ‘ख’ काही वर्षांत विश्वविक्रम मोडताना दिसेल. पाच बिंदूंवर वाकडंतिकडं बहुपद सूत्र बसवणंही टाळा. ते दिलेल्या बिंदूंमधून छान जातं आणि शेवटच्या बिंदूपुढे मनाला येईल तिकडे वळतं. त्यापेक्षा वाढ दर वर्षी आधीच्या वाढीच्या किती पट राहते ते बघा. ‘क’च्या बाबतीत ती आधीच्या सुमारे पाऊणपट राहत आली आहे, म्हणजे पुढच्या हंगामात अंदाजे २४ गुण आणि एकूण ६७५. ‘ख’ची शेवटची वाढ आधीच्या ०.८३ पट होती, तर अंदाजे ४७ आणि एकूण ६४०. समान वयात, म्हणजे १७.१ ला, ‘क’ साधारण ६५८ वर असेल. अंतर १८ उरेल.

किती गुणांच्या फरकाला फरक म्हणायचं

गुणकाच्या पट्ट्यात ०.४ टक्क्यांची अनिश्चितता होती. घन असल्यामुळे गुणांत ती तिप्पट होते, म्हणजे ६५० गुणांवर सुमारे आठ गुण. त्यात एकाच मुलीचं टायमिंग एका स्पर्धेतून दुसरीत सहज अर्धा टक्का हलतं, त्याचे दहाएक गुण. दोन्ही मिळून मी २० गुणांच्या आतल्या फरकाला फरक धरत नाही. या मापाने आजचं ३५ चं अंतर खरं आहे. पुढच्या वर्षाचं १८ चं अंतर म्हणजे कोण पुढे हे सांगता येणार नाही, एवढाच अर्थ.

याहून घातक चूक मात्र वेगळीच आहे आणि ती आलेखात दिसत नाही. आपण ‘क’च्या पाचही वर्षांना एकच गुणक लावला. पण बाराव्या वर्षी टर्ननंतर दोन किक मारून वर येणारी मुलगी सोळाव्या वर्षी सात-आठ किक मारत असेल, तर तिचा स्वतःचा गुणक या काळात वाढलेला असणार. समजा १५.८ ला तो १.०३४ होता आणि १६.८ ला १.०४२ झाला. मग तिचं लाँग कोर्स समतुल्य १:०६.८ वरून १:०६.२ वर आलं आणि गुण ६२५ वरून ६४३ वर गेले. शेवटच्या वर्षातली वाढ ३३ नव्हती, १८ होती. शॉर्ट कोर्समध्ये सुधारलेल्या सेकंदांपैकी जवळजवळ निम्मे टर्नमधून आले, आणि लाँग कोर्समध्ये तो टर्न एकदाच येतो.

ही गोष्ट तपासायला व्हिडिओ लागतो. पूलच्या बाजूने, भिंतीपासून १५ मीटरच्या खुणेसमोर कॅमेरा ठेवा आणि दोन वेळा मोजा. पहिली, पायांनी भिंत सोडल्यापासून डोकं १५ मीटरच्या खुणेवर येईपर्यंतची. दुसरी, १५ मीटरच्या खुणेपासून समोरच्या बॅकस्ट्रोक झेंड्यांपर्यंतची. हे झेंडे भिंतीपासून ५ मीटरवर असतात, म्हणजे २५ मीटरच्या पूलमध्ये हे अंतरही पाचच मीटरचं. ते पोहायला तिला साडेतीन सेकंदांच्या आसपास लागतील. हातातल्या घड्याळाने इथे ०.१५ सेकंदाची चूक झाली तरी ती चार टक्क्यांची होते आणि मोजमाप निरुपयोगी ठरतं. सेकंदाला ५० फ्रेमचा व्हिडिओ असेल तर फ्रेम मोजून ०.०२ सेकंदांपर्यंत पोचता येतं. हेच मोजमाप मागच्या वर्षीच्या व्हिडिओवर करा. पहिली वेळ सुधारली आणि दुसरी जिथल्या तिथे असेल, तर सुधारणा भिंतीतून आली आहे आणि गुणक बदलायला हवा. दोन्ही सुधारल्या असतील तर जुना गुणक चालेल.

ब्रेस्टस्ट्रोकमध्ये हा धोका कमी असतो, कारण तिथे पाण्याखालच्या हालचाली नियमानेच मोजून दिलेल्या आहेत. ‘ख’च्या नोंदी शिवाय थेट लाँग कोर्सच्या आहेत. तिची रेष ‘क’च्या रेषेपेक्षा भरवशाची आहे, आणि निवड समितीला दाखवायच्या कागदावर हे स्पष्ट लिहावं.

त्या कागदावर मी चार ओळी लिहीन. आज ‘क’ पुढे आहे, दोन्ही आधारवेळांवर. समान वयात अंतर ३५ गुणांचं आहे आणि दोन वर्षं ते कमी होत आलं आहे. ‘क’च्या शेवटच्या वर्षातल्या वाढीची खात्री नाही, कारण लाँग कोर्समध्ये तिची एकही नोंद नाही. निवडीपूर्वी तिला ५० मीटरच्या पूलमध्ये इलेक्ट्रॉनिक पॅडवर एकदा १०० मीटर बॅकस्ट्रोक पोहू द्या : १:०५.९ च्या जवळ आली तर गुणक आणि रेष दोन्ही जसेच्या तसे ठेवा, १:०६.२ च्या पलीकडे गेली तर तिचे गुण ६४३ किंवा त्याखाली धरून शेवटचा बिंदू नव्याने मांडा.